सुईआधी तापाचे बोला

बाळ दीड महिन्याचे असताना आई सत्राला आली, बाळाला तीन सुया आणि दोन तोंडी लसी देऊन घरी गेली. अडीच महिन्यांच्या डोजला मात्र ती फिरकली नाही. गडचिरोली जिल्ह्यात भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या भागांत किंवा चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या डोंगरावर काम करणाऱ्यांना ड्यू लिस्टमधली अशी नावे परिचयाची असतात. रजिस्टरात त्या नावांपुढे बहुधा एवढेच लिहिलेले असते : 'नकार'. ज्या आशाताई, एएनएम आणि अंगणवाडीसेविका त्या नावांच्या दारात पुन्हा जाणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनीही तो वाचावा, कारण दारात जे घडते ते त्यांच्यापर्यंत टक्केवारी होऊनच पोचते.

पहिले काम म्हणजे नकार कशाचा आहे ते ओळखणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये लसीबाबतच्या अनिच्छेची मांडणी केली. लस उपलब्ध असूनही ती घ्यायला उशीर करणे किंवा नाकारणे, हे तिचे रूप. कारणे तीन : लसीवर किंवा देणाऱ्यावर विश्वास नसणे, आजाराची भीतीच न उरल्यामुळे लसीची गरज न वाटणे, आणि गैरसोय. पुस्तकात ही कारणे वेगवेगळ्या रकान्यांत असतात. आपल्या भागात गैरसोय बऱ्याचदा अविश्वासाचे कपडे घालून येते. आई म्हणते, "सुईने बाळ बिमार पडते." तिचे पूर्ण वाक्य असे असते : सुई दिली की रात्री बाळ तापते, रडते, दुसऱ्या दिवशी मला रोवणीला जायचे असते, घरात बाळ धरायला कोणी नाही, आणि मजुरी बुडाली तर ती कोण देणार?

म्हणून हंगामाचे कॅलेंडर लसीकरणाच्या कॅलेंडरशेजारी ठेवून पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो तेव्हा पहाटेपासून घर रिकामे असते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे थोडेच दिवस असतात आणि वर्षातली रोख कमाई त्यातच होते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, आणि त्याच काळात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. भात निघाल्यानंतर कित्येक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि बाळ सोबत जाते. या आयांना 'जनजागृती' सांगत बसण्यापेक्षा एक प्रश्न विचारा : "सत्र दुसऱ्या दिवशी, तुम्ही रानातून परत आल्यावर ठेवले तर जमेल?" ती दिवसाची घासाघीस करू लागली तर अडचण सोयीची आहे. ती गप्प झाली, किंवा सासूकडे पाहू लागली, तर गोष्ट वेगळी आहे आणि बोलण्याची खरी सुरुवात तिथून करायची.

गप्प बसणाऱ्या आयांच्या मनात जे असते त्यातला सर्वांत मोठा वाटा ताप या एका गोष्टीचा असतो, असे मला वाटते. मोठ्या अफवांबद्दल आपण फार चर्चा करतो. नपुंसकत्व, मृत्यू, सरकारचा डाव हे सगळे कोरोनाच्या लसीच्या वेळी, २०२१ मध्ये, या दोन्ही जिल्ह्यांत कानावर आले होते आणि तेव्हा गोंडी व माडियात संदेश तयार करावे लागले. पण बाळाच्या लसीबाबत आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते ते एवढेच : सकाळी बाळ खेळत होते, दुपारी सुई दिली, संध्याकाळी अंग तापले. तिने काढलेला निष्कर्ष चुकीचा नाही. ताप खरोखरच लसीमुळे आलेला असतो. पेंटाव्हॅलंट लसीतला डांग्या खोकल्याचा जो घटक आपल्या कार्यक्रमात वापरतात तो संपूर्ण मृत जंतूंपासून केलेला असतो. तो संरक्षण देतो आणि तापही आणतो. ताप त्याच संध्याकाळी येतो, बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. मांडीला सुई दिलेल्या जागी सूज आणि ठणका असतो, कधी छोटी गाठ काही आठवडे राहते.

ही गोष्ट आईला सुई देऊन झाल्यावर सांगितली तर ती सबब वाटते, अजिबात सांगितली नाही तर फसवणूक वाटते, आणि आधी सांगितली तर भाकीत ठरते. संध्याकाळी ताप आला की आशाताईचे बोलणे खरे झाले, एवढाच अर्थ घरात निघतो. क्रम बदलल्याने एवढा फरक पडतो. सत्रात गर्दी असते, एएनएमच्या हातात व्हायल असते, बाळे रडत असतात आणि तापाचे बोलणे नेमके शेवटी ढकलले जाते. ते काम आशाताईने आदल्या दिवशी निरोप देतानाच करावे. "उद्या या" एवढाच निरोप अपुरा आहे.

आता एक प्रसंग घेऊ. तो कुणा एकीचा नाही, पण त्यातला प्रत्येक धागा ओळखीचा वाटेल. एटापल्ली तालुक्यातला एक टोला. बाळ आता तीन महिन्यांचे आहे. पहिल्या डोजनंतर रात्रभर ताप होता, घरात औषध नव्हते, सासूने पुजाऱ्याला बोलावले, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पुजाऱ्यामुळे उतरला हे सगळ्यांनी पाहिले. आशाताई दारात येते. ती त्याच गावची, माडिया बोलणारी. पुढचे संभाषण मराठीत लिहितो आहे ते फक्त वाचकांसाठी.

आई म्हणते, "आता नाही देत सुई. मागच्या वेळी बाळ मरता मरता वाचले."

इथे आपल्यातल्या बहुतेकांच्या तोंडून निघते ते, "अहो ताई, साधा ताप असतो तो, काही होत नाही." या वाक्याने आईची रात्र खोटी ठरते. तिच्यासाठी तो ताप साधा नव्हता. त्याऐवजी आशाताई विचारते, "त्या रात्री काय काय झाले, सांगशील?" आणि मग ती थांबते. हे थांबणे अवघड असते, कारण उत्तर आपल्याला आधीच माहीत असते असे वाटते. आई सांगते : अंग भट्टीसारखे झाले, दूध कमी प्यायले, पहाटे झोपले. झटके आले का, डोळे फिरवले का, तीन तासांच्या वर सलग रडत होते का, उठवल्यावर जागे होत होते का, हे आशाताई बोलण्याच्या ओघात विचारून घेते. ही चौकशी सहानुभूतीपुरती नाही. पहिल्या डोजनंतर झटके आले असतील किंवा बाळ निपचित पडले असेल तर दुसरा डोज कसा द्यायचा हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, तिथे आशाताईने आग्रह धरायचाच नाही. या बाळाला यातले काही झालेले नव्हते.

मग ती म्हणते, "रात्रभर एकटी जागलीस. मी तेव्हा तुला आधी सांगायला पाहिजे होते की ताप येईल. या तापाबद्दल मला जे माहीत आहे ते सांगू का?" परवानगी विचारणे हा इथला कळीचा भाग आहे. समुपदेशनाच्या प्रशिक्षणात हेच शिकवतात : आधी विचारा, परवानगी घेऊन थोडे सांगा, पुन्हा विचारा. आईने मान हलवली की सांगायचे ते तीन-चार वाक्यांत. "सुईत रोगाचे मेलेले जंतू असतात. बाळाचे अंग त्यांच्याशी लढायला शिकते, तेव्हा तापते. पहिली रात्र जड जाते, दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक बाळे बरी होतात. मागच्या वेळी तीन सुया होत्या. या वेळी एकच आहे."

हे शेवटचे वाक्य अनेक जण सांगायचे विसरतात. सहाव्या आठवड्यात डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोकोकल, उजव्या दंडावर पोलिओची त्वचेतली छोटी सुई, आणि तोंडाने पोलिओ व रोटा दिली जाते. दहाव्या आठवड्यात सुई फक्त पेंटाची; बाकी पोलिओ आणि रोटा तोंडाने. चौदाव्या आठवड्यात पुन्हा तीन सुया. तीन सुयांच्या आठवणीने घाबरलेल्या आईला या वेळची एक सुई हा मोठा दिलासा असतो, पण तो कुणी दिला तर. सोबतच चौदाव्या आठवड्याचे आजच सांगून टाका. एकदा दिलासा देऊन पुढच्या वेळी तीन सुया काढल्या तर आई पुन्हा गळते.

"आणि ताप आला तर?" आई विचारते. म्हणजे दार थोडे उघडले. आशाताई पॅरासिटामॉलची बाटली दाखवते आणि किती द्यायचे ते बाटलीच्याच टोपीत किंवा ड्रॉपरमध्ये भरून दाखवते. इथे एक धोका आहे. बाळांसाठीचे थेंब आणि मोठ्या मुलांचे सिरप यांत औषधाचे प्रमाण फार वेगळे असते. 'अर्धा चमचा द्या' असा निरोप एका बाटलीला बरोबर आणि दुसरीला घातक ठरतो. मात्रा एएनएमने बाळाचे वजन करून, बाटलीवरचे प्रमाण वाचून ठरवावी आणि आईकडून एकदा मोजून घ्यावी. दूध पाजत राहायचे, अंगावर घोंगडी घालायची नाही, सुईच्या जागी तेल, हळद किंवा राख लावायची नाही, चोळायचे नाही. ओले फडके चालेल.

मग आशाताई सगळ्यात महत्त्वाचे बोलते, "मी परवा सकाळी येते. बाळ बरे असले तरी येते." आणि खरोखर जाते. माझ्या मते या वाक्याने जेवढा विश्वास तयार होतो तेवढा फ्लिपचार्टने होत नाही. सुई देऊन निघून जाणाऱ्या गाडीची आठवण जंगलातल्या गावांना पक्की आहे. परतून येणारी बाई ही नवी गोष्ट असते.

शेवटी तिने समजले का हे पाहायचे. "कळले का?" या प्रश्नाला मराठीत, माडियात, गोंडीत एकच उत्तर मिळते : हो. त्यापेक्षा असे विचारा, "रात्री बाळ तापले आणि सासूबाईंनी विचारले, तर त्यांना काय सांगशील?" आई जे सांगेल तेच घरात पोचणार आहे. त्यात चूक असेल तर ती आत्ताच दुरुस्त होते.

समजा इतके करूनही ती म्हणाली, "घरधन्याला विचारते." तर ते होकाराच्या जवळचे आहे. दिवस ठरवून उठावे. त्याच बैठकीत होकार काढण्याच्या नादात आपण अशा आयांना कायमचे गमावतो. एक मात्र आवर्जून सांगायचे, की उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दोन डोजमध्ये किमान चार आठवडे हवेत, जास्त झाले तर जिथे थांबलो तिथून पुढे जायचे. तारीख चुकली म्हणून ओरडा खावा लागेल या लाजेपोटी कित्येक आया येतच नाहीत.

नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या वेळी हेच भाकीत बदलावे लागते, आणि इथे अनुभवी कार्यकर्त्यांचीही गफलत होते. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची आहे. तिचा ताप त्या संध्याकाळी क्वचितच येतो. तो साधारण सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतो. आईला पहिल्या रात्रीच्या तापाचे सांगून ठेवले, तो आला नाही, आणि दहाव्या दिवशी बाळ तापून पुरळ उठला, तर ती त्याला गोवर समजेल. "गोवरच्या सुईनेच गोवर आला" हे वाक्य मग टोल्याटोल्यांत फिरेल. बीसीजीचेही असेच. जन्मानंतर दिलेल्या त्या सुईच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, व्रण राहतो. तो येणे अपेक्षित आहे, त्याला काही लावायचे नाही. पण हे आधी कळले नसेल तर आईच्या दृष्टीने सुई पिकलेली असते.

आता तापाची दुसरी बाजू. शहरातल्या लेखांत ती सापडणार नाही. राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा गडचिरोलीत असतो, त्यातही घातक फाल्सिपेरम. पावसाळ्यात आणि त्यानंतर ज्या बाळाला आज लस दिली त्याला उद्या हिवतापही होऊ शकतो. "लसीचा ताप आहे, उतरेल" हे वाक्य इथे जिवावर बेतू शकते. म्हणून मर्यादा ठरवून घ्या : पेंटानंतरचा ताप दोन दिवसांच्या पुढे गेला, थंडी वाजून आला, उतरून पुन्हा चढला, किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर आशाताईने जागेवरच हिवतापाची तत्काळ चाचणी करावी आणि बाळाला आरोग्य केंद्रात न्यावे. झटके, गुंगी, श्वासाची धाप यांसाठी दोन दिवस थांबायचेच नाही. चाचणीत हिवताप निघाला तर तो आईला आणि शेजाऱ्यांना नावाने सांगा. नाही सांगितले तर तो ताप लसीच्या खात्यावर जमा होतो.

सिकलसेल हा आणखी एक स्थानिक घटक. या दोन्ही जिल्ह्यांत तो आहे, आणि त्याची लक्षणे जन्मतः दिसत नाहीत. बाळाच्या रक्तातले जन्माच्या वेळचे हिमोग्लोबिन पहिल्या काही महिन्यांत कमी होत जाते, आणि साधारण सहा महिन्यांनंतर हातापायांची बोटे सुजणे, दुखणे सुरू होऊ शकते. हे वय नवव्या महिन्याच्या सुईच्या अगदी जवळ येते. सुईनंतर बाळाचे हात-पाय सुजले असे आई सांगत असेल, तर तिला खोटे पाडू नका आणि लसीवरचा राग म्हणूनही सोडून देऊ नका. सिकलसेलची तपासणी करा. आजार निघाला तर त्या बाळाला न्यूमोकोकल लसीची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, आणि यापुढे त्याचा कुठलाही ताप घरी वाट पाहण्याजोगा नाही. संशय घेणाऱ्या आईने इथे निदान मिळवून दिलेले असते.

पुजाऱ्याबद्दल दोन शब्द. त्याला डावलून काम होत नाही आणि त्याच्याशी भांडूनही होत नाही. पुजारी लसीच्या विरोधात असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला कुणी काही सांगितलेलेच नसते, आणि रात्री तापलेले बाळ त्याच्याकडे आणले की तो त्याच्या पद्धतीने कारण शोधतो. सत्राच्या आदल्या दिवशी त्याला भेटून एवढेच सांगावे : उद्या या चार बाळांना सुया आहेत, रात्री ताप येईल, तुमच्याकडे आणतील, तुम्ही तुमचे करा, पण झटके आले किंवा दोन दिवसांनी ताप राहिला तर लगेच आमच्याकडे पाठवा. त्याचा मान राहतो आणि बाळ वेळेत पोचते. सासूचेही तसेच. तिने गोवराने मुले गेलेली पाहिली असतील तर ती तुमची सर्वांत मोठी साक्षीदार आहे. सून आणि तुम्ही दोघींनीही ते पाहिलेले नाही. तिला विचारा, ती सांगेल, आणि तुमचे बोलणे कमी करावे लागेल.

गावाची पद्धतही पाहावी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय समजून घेण्याची रीत घालून दिली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होते. ज्या गावांची ग्रामसभा अशी जागी आहे तिथे घरोघरी एकेकीला पटवण्याआधी सत्राचा दिवस ग्रामसभेला ठरवू द्या. तिथे जाऊन भाषण करू नका, प्रश्न घ्या. परदेशी दवाखान्यांतल्या अभ्यासांत असे आढळले आहे, की डॉक्टरने "आज लस आहे" असे गृहीत धरून सुरुवात केली तर पालक अधिक वेळा मान्य करतात. नेहमी येणाऱ्या, विश्वास असलेल्या आईशी हे खुशाल करावे. पण जिथे सरकार म्हटले की गणवेश, नाका आणि पंचनामा आठवतो, तिथे अनोळखी माणसाने होकार गृहीत धरणे म्हणजे हुकूम वाटतो.

हुकमाचेच दुसरे रूप म्हणजे धमकी. रेशन बंद होईल, पैसे अडकतील. मातृवंदना योजनेचा पुढचा हप्ता बाळाच्या पहिल्या फेरीच्या लसींशी जोडलेला आहे हे खरे, आणि ते माहिती म्हणून सांगायला हरकत नाही. पण ते नकारानंतर सांगितले की धमकी होते. तशीच एक टोचणारी शंका घरातून येते : "तुम्हाला पैसे मिळतात म्हणून तुम्ही मागे लागता." याला सरळ उत्तर द्यावे. "हो, वर्षभराच्या सगळ्या लसी पूर्ण झाल्या की मला १०० रुपये मिळतात. एवढ्या पैशांसाठी मी तुझ्या दारात चार वेळा येईन का, तूच सांग." लपवलेली गोष्ट संशयाला खाद्य देते, उघड केलेली हसण्यावारी जाते.

अफवांना उत्तर देताना एक भेद पाळावा : काही अफवा बनावट असतात आणि काहींच्या मुळाशी खरी घटना असते. ३१ जानेवारी २०२१ ला शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पल्स पोलिओच्या दिवशी १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हातांचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले, ती बरी झाली, संबंधितांवर कारवाई झाली. ही बातमी घेऊन एखादा बाप उभा राहिला तर "असे काही झालेच नाही" म्हणणे म्हणजे त्या गावातली सगळी पुढची सत्रे घालवणे. "झाले होते. म्हणून तुम्ही बाटली बघा," असे म्हणून त्याच्या हातात व्हायल द्या. लेबलवरचे नाव वाचून दाखवा, मुदतीची तारीख दाखवा, व्हायलवरचा उष्णतादर्शक चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका आहे हे दाखवा. गोवर-रुबेलाची व्हायल विरघळवल्याची वेळ त्याच्यासमोर लिहा आणि सांगा की चार तासांनंतर उरलेली लस आम्ही फेकतो. ज्याला शंका आहे त्याला तपासणीस केले की तोच पुढच्या घरी सांगतो, "मी बघितली बाटली." बनावट अफवेला मात्र इतका वेळ देऊ नये. ती पुन्हा पुन्हा उच्चारली की लोकांच्या लक्षात अफवाच राहते. खरे काय ते आधी सांगावे, अफवा एकदाच आणि खोटी म्हणून सांगावी, आणि परत खऱ्यावर यावे.

आश्रमशाळांत काम करणाऱ्यांनी आणखी एक घटना माहीत करून घ्यावी, कारण ती सीमेपलीकडे घडली. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प राबवला गेला. त्यातल्या पुष्कळ मुली आदिवासी वसतिगृहांतल्या होत्या, आणि आईवडिलांच्या जागी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी संमतीवर सह्या केल्या होत्या. पुढे काही मुलींचे मृत्यू झाले, २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही, पण संमतीतले दोष ठळकपणे पुढे आले, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. आश्रमशाळेत धनुर्वात-घटसर्पाची दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची सुई द्यायची असो किंवा दुसरी कुठली, निरोप सुटीआधी घरी जायला हवा, मुलांच्या हाती आणि त्या गावच्या आशाताईच्या तोंडी. मुख्याध्यापकांची सही सोयीची असते. पण सुटीत घरी गेलेल्या मुलीला ताप आला, तर तिच्या आईला उत्तर देणारे मुख्याध्यापक तिथे नसतात.

काही घरे तरीही नाही म्हणतील. सगळे सांगून, सगळे ऐकूनही. त्यांच्याशी वाद वाढवू नका, पण दार बंदही होऊ देऊ नका. डांग्या खोकल्याची लक्षणे, गोवराचा पुरळ कसा ओळखायचा, तेव्हा लगेच कुणाला कळवायचे, हे सांगा आणि वजनाच्या दिवशी, गरोदरपणाच्या तपासणीला त्याच आपुलकीने भेटत राहा. बाळ मोठे होत जाते तशा आयाही पुन्हा विचार करतात, आणि गोवराची लस पाच वर्षांपर्यंत देता येते.

आणि रजिस्टरात 'नकार' एवढेच लिहू नका. त्याऐवजी असे लिहा : 'पहिल्या डोजनंतर ताप, घरात औषध नव्हते', 'मिरची तोडणीला, होळीनंतर परत', 'सासू तयार, नवरा नाही', 'यवतमाळची बातमी', 'हाताची बोटे सुजली, सिकलसेल तपासणी बाकी'. महिन्याच्या बैठकीत ही यादी वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर वाचा. पहिल्या प्रकारच्या घरांसाठी औषधाच्या बाटल्या मागा, दुसऱ्यासाठी सत्राची तारीख हलवून मागा आणि जाणाऱ्या आईच्या हाती लसीकरण कार्ड आहे का ते पाहा, म्हणजे तेलंगणातल्या उपकेंद्रातही तिला पुढचा डोज घेता येईल. तिसऱ्यासाठी एखाद्या पुरुष आरोग्यसेवकाला संध्याकाळी, नवरा घरी असेल तेव्हा, सोबत मागा.